ट्रॅकवर मध्येच वाजलेला बझर

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या सोसायटीतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप करायची होती. रिझ्युमे तयार होता, सोबतचं कव्हर लेटरही लिहून झालं होतं. "काका, एकदा नजर टाकता का? सात ठिकाणी पाठवलं, एकाचंही उत्तर नाही."

मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात काम करतो. आम्ही एसपीएम, म्हणजे गिऱ्हाइकाच्या एकाच विशिष्ट कामासाठी लागणारी मशिनं बनवतो. दर उन्हाळ्याआधी इंटर्नशिपचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. त्यामुळे तिच्या पत्राचा पहिला परिच्छेद वाचतानाच दुसऱ्यात काय असणार हे मला कळलं होतं. 'मी मेहनती आणि शिकण्यास उत्सुक विद्यार्थिनी आहे. आम्ही आर्डुइनो नॅनो, आयआर सेन्सर, एल२९८एन मोटर ड्रायव्हर आणि पीआयडी वापरून लाइन फॉलोअर रोबॉट तयार केला. कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये त्याला दुसरं बक्षीस मिळालं. या प्रकल्पातून मला टीमवर्क आणि प्रॉब्लेम सॉल्व्हिंग शिकायला मिळालं.'

यात खोटं काहीच नव्हतं. पण या पत्रावर नाव बदलून तिच्या टीममधल्या कुणीही सही केली असती, तरी ते तितकंच खरं ठरलं असतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन ही सुट्या भागांची यादी दिली, की अर्ध्या तासात सगळं पिशवीत मिळतं. लाइन फॉलोअरचं जोडणीचं चित्र आणि प्रोग्रॅमही तयार मिळतो. जमिनीवरची काळी पट्टी सेन्सरने ओळखायची आणि ती डावीकडे सरकली की रोबॉटने डावीकडे वळायचं, एवढंच त्याचं काम. हजारो मुलं तो बनवतात. म्हणून 'आम्ही बनवला' या वाक्यातून वाचणाऱ्याला एवढंच समजतं, की सामान विकत आणलं होतं आणि ते एकदा चाललं होतं. ते जोडताना या मुलीचे हात कुठे होते आणि डोकं कुठे होतं, हे समजत नाही. इंटर्न घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "तो रोबॉट कधी बंद पडला होता का गं?"

ती हसली. "कधी पडला नव्हता ते विचारा. फेस्टच्या आधी चार संध्याकाळ आम्ही रडायचे बाकी होतो."

"मग तेच सांग."

तिने सांगितलं ते असं. टेबलावर चाकं अधांतरी ठेवली की रोबॉट उत्तम चालायचा. ट्रॅकवर सोडला की सरळ पट्टीवरही नीट जायचा. पण काटकोनातल्या वळणावर कधी कधी क्षणभर थबकायचा आणि मग पट्टी सोडून भलतीकडे जायचा. प्रत्येक वेळी नाही, वीस फेऱ्यांत सहा-सात वेळा. टीमने दोष पीआयडीला दिला. वळताना रोबॉटने किती जोरात आणि किती लवकर सावरायचं, हे ठरवणारे प्रोग्रॅममधले आकडे म्हणजे पीआयडी. तीन संध्याकाळ सगळे ते आकडे बदलत बसले. फरक पडेना.

चौथ्या संध्याकाळी तिला एक गोष्ट ऐकू आली. रोबॉट चालू केला की सुरुवातीला बझर एकदा 'पीप' करायचा. प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळींत तशी आज्ञा होती, आणि ती फक्त चालू होतानाच पाळली जायची. पण रोबॉट वळणावर थबकला तेव्हाही बझर वाजला होता. लॅबमध्ये गोंगाट असल्याने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बझर मध्येच वाजला याचा अर्थ प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला होता. म्हणजे नॅनो रीसेट होत होता, आणि पीआयडीचा यात काही संबंधच नव्हता.

"मग काय केलंस?"

"मल्टिमीटर लावला. पाच व्होल्ट अगदी बरोबर दाखवत होता. म्हणून सर म्हणाले, सप्लाय ठीक आहे."

मल्टिमीटर इथे फसवतो, कारण त्याचा आकडा सेकंदाला दोन-चार वेळाच बदलतो. काही मिलिसेकंदांत व्होल्टेज खाली जाऊन परत वर आलं, तर त्याला ते दिसतच नाही. तिने लॅबमधला डीएसओ, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर गोठवून ठेवणारा ऑसिलोस्कोप मागून घेतला. तो नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडला आणि व्होल्टेज साडेचारच्या खाली आलं की आलेख पकडायचा, असा ट्रिगर लावला. रोबॉट हातात धरून तिने एक चाक उलट फिरवण्याची आज्ञा दिली, तशी चाकं जमिनीवर टेकवून दाबली. तिसऱ्या प्रयत्नाला पडद्यावर खड्डा उमटला. सुमारे ८ मिलिसेकंद व्होल्टेज २.४ पर्यंत कोसळलं होतं. नॅनोवरची चिप साधारण २.७ व्होल्टच्या खाली गेली की स्वतःला रीसेट करते. तशी सोय तिच्यात मुद्दाम ठेवलेली असते.

कारण समजायला आता अवघड नव्हतं. काटकोनात वळताना आतलं चाक एकदम उलट फिरवावं लागतं. धावती मोटर उलटी फिरवली की क्षणभर ती खूप करंट ओढते. त्यांची बॅटरी म्हणजे जुन्या लॅपटॉपमधून काढलेले दोन सेल होते, स्प्रिंगच्या होल्डरमध्ये बसवलेले. असे सेल थोड्या करंटला ठीक चालतात, जास्त ओढला की त्यांचं व्होल्टेज झपकन उतरतं. आणि नॅनोचे ५ व्होल्ट त्याच बॅटरीतून, मोटर ड्रायव्हरवरच्या रेग्युलेटरमधून घेतले होते. टेबलावर चाकं मोकळी फिरत, त्यामुळे करंट कमी लागे आणि दोष दिसत नसे.

आधी तिने मोटरच्या सप्लायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला. खड्डा जेमतेम उथळ झाला, रीसेट थांबले नाहीत. मग नॅनो आणि सेन्सरसाठी वेगळी छोटी बॅटरी दिली, दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडले, आणि मोटर उलट फिरवण्याआधी २० मिलिसेकंद ब्रेक लावायची ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. पुन्हा डीएसओ लावला. ५ व्होल्ट जागचे हलले नाहीत. तीस फेऱ्या घेतल्या, एकदाही बझर मध्ये वाजला नाही. मात्र वजन ९० ग्रॅमने वाढलं आणि एका फेरीचा वेळ १४.२ सेकंदांवरून १४.९ वर गेला.

"हे पत्रात का नाही लिहिलंस?"

"काका, चुकलेलं कसं लिहायचं? त्यांना वाटेल आम्हाला सप्लायसुद्धा नीट देता आला नाही."

इथेच बहुतेक मुलांची गाडी अडते. आमच्या कारखान्यात नव्या मुलाचं पहिलं काम काय असतं? शंभर वेळा नीट चालून एकदाच अडकणाऱ्या मशीनसमोर उभं राहणं. कायम बंद पडलेलं मशीन कुणीही दुरुस्त करतो. कधीमधी अडकणारं मशीन माणसाची कसोटी बघतं. सेन्सरचा सप्लाय आणि मोठ्या मोटरचा सप्लाय एकत्र असला की पॅनेलमध्येही हाच प्रकार होतो, फक्त ५ व्होल्टच्या जागी २४ व्होल्ट असतात आणि नॅनोच्या जागी पीएलसी. म्हणून पॅनेलमध्ये सेन्सर आणि पीएलसीला बऱ्याचदा वेगळा पॉवर सप्लाय देतात, मोटरच्या आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या नेतात. कॉलेजच्या लॅबमध्ये तिने जे केलं, ते तेच काम होतं. बक्षिसाची ओळ मला हे सांगू शकत नव्हती. बझरची गोष्ट सांगत होती.

मग आम्ही दोघांनी बसून पत्र नव्याने लिहिलं. ते इंग्रजीत होतं. मजकूर नीट पाहता यावा म्हणून इथे मराठीत देतो.

'विषय: १ जूनपासून ८ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज, इलेक्ट्रिकल आणि कंट्रोल विभाग.

माननीय महोदय, मी ईअँडटीसीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तुमची कंपनी कन्व्हेयर आणि त्यांची कंट्रोल पॅनेल बनवते. पॅनेलचं वायरिंग, तपासणी आणि दोष शोधणं या कामात मला मदतनीस म्हणून काम करायचं आहे.

आमच्या चौघांच्या टीमने काळ्या पट्टीवरून चालणारा रोबॉट बनवला. वळणांवर तो वीसपैकी सहा-सात फेऱ्यांत पट्टी सोडत होता. सुरुवातीला एकदाच वाजणारा बझर त्या वेळी पुन्हा वाजतो, हे माझ्या लक्षात आलं, त्यावरून कंट्रोलर रीसेट होत असल्याचं कळलं. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट स्थिर दिसत होते. ऑसिलोस्कोपवर मात्र मोटर उलट फिरताना ते सुमारे ८ मिलिसेकंद २.४ व्होल्टपर्यंत उतरलेले दिसले. कपॅसिटर लावून पुरेसा फरक पडला नाही. कंट्रोलरला वेगळी बॅटरी दिली आणि मोटर उलटवण्याआधी थोडा ब्रेक लावला. त्यानंतरच्या ३० फेऱ्यांत रीसेट झाला नाही. रोबॉट ९० ग्रॅम जड आणि फेरीला ०.७ सेकंद हळू झाला. स्पर्धेसाठी आम्ही ते मान्य केलं.

वायरिंग, मोजमापं आणि मोटर चालवणारा प्रोग्रॅम माझा होता. सांगाडा दोन सहकाऱ्यांनी बनवला. पीआयडीचा मूळ प्रोग्रॅम तयार होता, त्यातले आकडे आम्ही जुळवले. पीएलसीवर मी अजून काम केलेलं नाही; लॅडरच्या सोप्या आकृत्या वाचता येतात.

सोबत वायरिंगची आकृती, ऑसिलोस्कोपचा फोटो आणि ४० सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे. तपासणीसाठी किंवा बोलण्यासाठी कोणत्याही शनिवारी येऊ शकते.'

पत्र एका पानाच्या आत बसलं. त्यात विशेषणं उरली नाहीत, कारण त्यांची गरज उरली नाही. 'निरीक्षणशक्ती चांगली आहे' असं तिने कुठेच म्हटलेलं नाही, पण बझरचं वाक्य वाचणाऱ्याला ते कळतं. 'चिकाटी आहे' असंही नाही, पण कपॅसिटरने काम झालं नाही हे लिहिल्यामुळे पहिला उपाय फसल्यावर ती थांबली नाही हे दिसतं. मुलांना हा फसलेला उपाय गाळावासा वाटतो. तो ठेवावा. थेट बरोबर उत्तर लिहिलं, तर ते कुठून तरी वाचून लिहिल्यासारखं वाटतं. मधली चुकलेली पायरी फक्त करणाऱ्यालाच ठाऊक असते.

आकड्यांचंही तसंच. 'रोबॉटची अचूकता ९५ टक्के वाढवली' अशी वाक्यं मी दरवर्षी वाचतो. कशाची अचूकता, किती फेऱ्यांत, कशाने मोजली, याचा पत्ता नसतो आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तो आकडा गळून पडतो. 'आधी वीसपैकी सहा-सात, नंतर तीसपैकी शून्य' हे दिसायला साधं आहे, पण ते मोजलेलं आहे. पत्रातला प्रत्येक आकडा कुठल्या उपकरणावर आणि किती वेळा बघितला हे सांगता येत नसेल, तर तो काढून टाकलेला बरा.

टीमचा भाग सर्वांत नाजूक असतो. मुलं एक तर सगळीकडे 'आम्ही' लिहितात किंवा सगळीकडे 'मी'. पहिल्याने काही कळत नाही आणि दुसऱ्यावर विश्वास बसत नाही, कारण एकट्याने सांगाडा, सर्किट आणि प्रोग्रॅम तीन महिन्यांत केला असेल असं कुणाला वाटत नाही. रोबोकॉनसारख्या स्पर्धेत हे आणखी जाणवतं. ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषय चक्क दहीहंडी होता, नाव होतं 'गोविंदा'. अशा स्पर्धेचा रोबॉट मोठ्या टीमचा असतो. पत्रात नुसतं स्पर्धेचं नाव घेतलं, तर वाचणाऱ्याला त्या वर्षी रोबॉटने काय करायचं होतं हेही माहीत नसतं. म्हणून आधी एका ओळीत काम सांगावं, आणि मग त्या कामातला कुठला तुकडा आपल्या हातचा होता ते. एखाद्याने फक्त हवेच्या सिलिंडरच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह सांभाळले असतील, तर तेवढंच लिहावं. न्यूमॅटिक्स जाणणारा मुलगा आम्हाला हवाच असतो, आणि तो त्या एका ओळीमुळेच सापडतो.

जे येत नाही ते लिहायचं का, यावर आमची बरीच चर्चा झाली. पीएलसीचं वाक्य तिला गाळायचं होतं. मी ठेवायला लावलं. इंटर्नला पीएलसी येत नसणार हे आम्ही धरूनच चालतो. पण जी मुलगी हे स्वतःहून सांगते, तिने '३० फेऱ्या' लिहिल्या असतील तर त्या तीसच असणार असं वाटतं. आणि पॅनेलसमोर याची किंमत मोठी असते. 'मी वायर काढून बघितली, परत कुठे लावायची ते आठवत नाही' हे लगेच सांगणारा मुलगा मशीन वाचवतो, आणि न सांगणारा मुलगा ते जाळतो.

आता पुराव्याबद्दल. व्हिडिओ ४० सेकंदांचा पुरे. त्यात संगीत नको, कॉलेजचं नाव फिरत येणारी सुरुवात नको. तिने पहिल्या पंधरा सेकंदांत जुना दोष दाखवला, वळणावर थबकणं आणि बझरची 'पीप' ऐकू येईल असा. पुढे दुरुस्त केलेला रोबॉट त्याच वळणावरून जाताना दाखवला. दोष असलेला व्हिडिओ तिच्याकडे नव्हता, म्हणून वेगळी बॅटरी काढून तिने तो मुद्दाम पुन्हा घडवला. दोष हवा तेव्हा घडवता येणं म्हणजे कारण खरंच सापडलं आहे, आणि हे आम्ही मशीनवरही असंच तपासतो. ऑसिलोस्कोपच्या फोटोत आलेखाशेजारचं व्होल्टचं आणि वेळेचं माप वाचता यायला हवं. ते कापलं गेलं तर उरतो नुसता एक खड्डा. वायरिंगची आकृती हाताने काढलेली चालते, फक्त ती त्या रोबॉटची हवी, इंटरनेटवरून उतरवलेली नको.

आणि एक अगदी बारीक गोष्ट, जिच्यामुळे चांगले अर्ज वाया जातात. व्हिडिओ ड्राइव्हवर ठेवून लिंक दिली, पण शेअरिंगमध्ये 'Anyone with the link' निवडलं नाही, तर माझ्यासमोर येतं 'Request access'. तीस अर्ज बघायचे असताना परवानगी मागून कुणी थांबत नाही. लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या मोबाइलवर, आपलं खातं नसताना उघडून बघावी. तिची उघडली नाही. आधीच्या सातही पत्रांत तीच लिंक होती.

हे पत्र दुसऱ्या कुणाला उतरवून घेता येणार नाही, आणि उतरवू नये. ज्याने तो खड्डा डीएसओवर पाहिलेला नाही, त्याला मुलाखतीत फार तर दोन प्रश्न टिकता येईल. 'मल्टिमीटरवर का दिसलं नाही?' याचं उत्तर पाठ करता येईल. 'दोन बॅटऱ्या वेगळ्या केल्या तर ग्राउंड एकत्र का जोडलं?' इथे अडखळायला होतं. ज्याने एकदा तरी ग्राउंड न जोडता सगळं चालू करून बघितलंय, त्याला माहीत असतं, की मग ड्रायव्हरला नॅनोचा सिग्नल धड समजत नाही. त्याला आणि नॅनोला शून्य कुठलं हेच वेगवेगळं वाटत असतं. म्हणून प्रत्येकाने आपलाच रोबॉट आठवावा. तो नीट चालला ते दिवस बाजूला ठेवावेत, आणि ज्या संध्याकाळी तो अडला होता ती आठवावी. कुणाचा रोबॉट उन्हात पट्टी ओळखत नव्हता, कारण सूर्यप्रकाशातलं इन्फ्रारेड सेन्सरला आंधळं करत होतं. कुणाच्या हाताचा सर्व्हो वजन उचलताना थरथरत होता, आणि हाताची लांबी कमी केल्यावर थांबला. स्पर्धेत हरलेल्या रोबॉटचंही असं पत्र होतं, कारण हरण्याचं कारण शोधलेलं असतं.

तिने नवं पत्र चार ठिकाणी पाठवलं. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एका मुलाखतीत समोरच्या इंजिनिअरने बझरबद्दल काहीच विचारलं नाही. पत्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "पीआयडीचे आकडे बदलण्यात तुमचे तीन दिवस गेले असतील ना? उद्या आमच्या कन्व्हेयरवर असंच झालं, तर आधी काय करशील?"

ती म्हणाली, "आधी सप्लायवर डीएसओ लावेन सर. प्रोग्रॅमला नंतर हात लावेन."

जूनपासून ती तिथे जाते. पहिल्या आठवड्यात घरी आली तेव्हा बोटाला इन्सुलेशन टेप चिकटलेली होती, आणि ती सांगत होती की त्यांच्या पॅनेलमध्ये सेन्सरसाठी खरंच वेगळा पॉवर सप्लाय आहे.